‘अहो आई’मधलं ‘अहो’ पुसू नका

दरवर्षी 1 जूनला सकाळी सहाच्या आधीच आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर केकची चित्रं यायला लागतात. नवतपा सुरू असतो, रात्रभर चाललेल्या कूलरची टाकी तळाला गेलेली असते, आणि फोन वाजत असतो. माझ्या सासूबाईंचा वाढदिवस. म्हणजे आधार कार्डावरचा. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी माणसांचा वाढदिवस 1 जूनला येतो, कारण शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा घरच्यांना तारीख सांगता आली नाही आणि गुरुजींनी जूनच्या हिशेबाने वय बसवून टाकलं. सासूबाई स्वतः सांगतात ते वेगळंच. त्यांचा जन्म नागपूरच्या महाल भागातला, मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवसाचा. त्यांच्या आईला कळा सुरू झाल्या तेव्हा बाहेरून ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असा ओरडा ऐकू येत होता, ही गोष्ट मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, तान्हा पोळा. तारखेने कधी ऑगस्टात, कधी सप्टेंबरात.

1 जूनला ग्रुपवर जे येतं ते सगळं सारखं असतं. ‘सासू नव्हे, माझी आईच.’ ‘मायेचा सागर, त्यागाची मूर्ती.’ ‘घराचा आधारस्तंभ.’ खाली हात जोडलेले, फुलं, केक. लिहिणाऱ्या सगळ्या सुना. मीही त्यातलीच होते. लग्नानंतरच्या पहिल्या जूनला मी कुठूनसं एक वाक्य उचललं, ‘आईपेक्षाही जास्त जीव लावणारी माझी दुसरी आई’, आणि आमच्या दोघींच्या फोटोखाली टाकलं. सासूबाईंनी ‘धन्यवाद बेटा’ असं उत्तर दिलं. बेटा हा शब्द त्या एरवी कधीच वापरत नाहीत. दुपारी शेजारच्या काकूंच्या सुनेच्या स्टेटसवर तेच वाक्य होतं, तिच्या सासूसाठी, कारण काकूंचाही वाढदिवस 1 जूनलाच. सासूबाईंनी दोन्ही वाचली होती. संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरताना त्यांनी मला विचारलं, ‘हे कोणी लिहून दिलं वं?’ रागाने नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मला उत्तर देता आलं नाही.

आणखी एका बाईने ते वाचलं होतं. माझ्या आईने, यवतमाळला. तिने फोनवर इतर सगळं विचारलं, आणि ठेवता ठेवता म्हणाली, ‘वाचलं मी.’ पुढे काहीच नाही. ‘आईपेक्षाही जास्त’ लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर जिने मला वाढवलं ती बाई नव्हती, आणि जिचा वाढदिवस होता तीही नव्हती. डोळ्यांसमोर होता तो ग्रुप.

त्यानंतर चौदा वर्षं झाली. माझं आता ठाम मत आहे की ‘सासू नव्हे, आईच’ हे वाक्य आपण सोडून दिलं पाहिजे. ते सगळ्यात गोड वाटतं, आणि सगळ्यात जास्त कर्तव्याचा वास त्यालाच येतो. आपल्या भाषेने या नात्याची सोय फार बारकाईने करून ठेवलेली आहे. मी माझ्या आईला ‘अगं आई’ म्हणते आणि सासूबाईंना ‘अहो आई’. हाक एकच, आधीचा शब्द बदलतो, आणि त्या दोन अक्षरांत नातं कळतं. वाक्यातही तेच. ‘आई म्हणाली’ म्हटलं की माझ्या घरात सगळ्यांना यवतमाळ कळतं, आणि ‘आई म्हणाल्या’ म्हटलं की नागपूर. कोणालाही जास्तीचं काही सांगावं लागत नाही. आईच्या मायेत अंतर नसतं, म्हणून तिथे ‘अगं’ पुरतं. सासूशी नातं दोन मोठ्या बायकांनी, अंतर ठेवून, एकाच स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं जमवत आणलेलं असतं. ते जमलं तर त्याचं मोल वेगळं आहे, आणि ‘अहो’ हा शब्द ते मोल सांभाळतो.

माझी आजी तिच्या सासूला आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामंजी. मामाच्या मुलीशी लग्न चालायचं त्या घरांत नव्या सुनेची सासू खरोखरच तिची आत्या असायची, आणि ती हाक पुढे नातं नसलेल्या घरांतही टिकली. म्हणजे आपल्याकडे सासूला आदराने आणि जवळिकीने हाक मारायची सोय होती, आणि त्यासाठी तिला आई व्हावं लागत नव्हतं. हे मी जुन्या काळाची आठवण म्हणून सांगत नाही. आजीच्या काळातली सून सासूसमोर उभी राहायला घाबरायची, तो काळ परत यावा असं मला मुळीच वाटत नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की हे नातं आपल्या भाषेत आपल्या पायावर उभं होतं.

मग त्याला आईचा आधार का द्यावासा वाटतो? कारण ‘सासू’ हा शब्दच आपण खराब करून ठेवला आहे. आमच्याकडे विदर्भात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. त्यातली सून माहेरी जायचं म्हणते तेव्हा सासू आधी कारल्याचा वेल लावायला सांगते. वेल लावला तर कोंब येऊ दे, कोंब आला तर फूल येऊ दे, असं एकेक पुढे ढकलत राहते. लहानपणी मीही ते हसत हसत म्हटलं. त्यात खऱ्या बायकांचं खरं दुःख आहे, म्हणून ते टिकलं. पुढे मालिका आल्या, विनोद आले, आणि आता फोनवर रोज सकाळी एक तरी सासू-सुनेचा विनोद येतोच. एवढं सगळं त्या एका शब्दावर साचल्यावर वाढदिवसाच्या दिवशी सून घाईघाईने म्हणते, नाही नाही, आमच्या सासूबाई तशा नाहीत, त्या आईच आहेत. म्हणजे चांगली निघाली ती आई, आणि वाईट निघाली ती सासू. हे ज्या बाईसाठी लिहायचं तिला काय वाटत असेल? ती सासूच आहे. चांगली सासू होण्यासाठी तिने काही केलं असेल, काही गिळलं असेल, काही स्वतःहून बदललं असेल, आणि आपण ते सगळं पुसून तिला दुसऱ्याच पदावर बसवतो.

दुसरा नेहमीचा साचा म्हणजे ‘कडक पण प्रेमळ’. ‘कधी रागावता, कधी ओरडता, पण मनातून मायाळू.’ हे वाचायला मोकळं वाटतं, म्हणून अनेकजणी ते खरं लिहिल्याचं समाधान मानतात. पण यात तक्रार आधी येते आणि माया नंतर, आणि ती तक्रार सत्तर-ऐंशी नातेवाइकांसमोर होते. सासूबाईंना त्यावर काही बोलताही येत नाही, कारण शेवटी कौतुकच आहे ना. जे त्यांच्याशी घरात बोलायचं ते वाढदिवसाच्या शुभेच्छांत आडून घालू नये. काही बोलायचं असेल तर दुपारी, चहा पिताना बोलावं.

तिसरा साचा त्यागाचा. मला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच. ‘आयुष्यभर घरासाठी झिजलात, स्वतःसाठी कधी जगला नाहीत.’ जिने सत्तर वर्षं काढली तिला तिच्याच वाढदिवशी आपण सांगतो की तुम्ही जगलाच नाहीत. आणि त्याचं कौतुक करून नकळत असंही सांगतो की उद्याही तुम्ही आधी आम्हाला वाढा, मग शेवटी जेवा, म्हणजे पुढच्या वर्षीही आम्ही हेच लिहू.

खरं काय लिहायचं, ते मला एका कांद्यामुळे कळलं.

नागपूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. मे महिन्यात पारा 45च्या पुढे जातो. दुपारी रस्त्यावर फक्त डोक्याला दुपट्टा गुंडाळलेल्या बायका आणि तोंडाला रुमाल बांधलेले स्कूटरवाले दिसतात. मी नोकरीला सीताबर्डीला जाते, दुपारच्या पाळीला, म्हणजे ऐन उन्हात. आमच्याकडे उन्ह लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात. कांदा उन्ह ओढून घेतो असं म्हणतात. तसं काही होत नाही हे मला माहीत आहे. उन्हापासून वाचायचं तर पाणी, पन्हं आणि सावली हाच इलाज, आणि बाटली मी नेतेच. पण एका ऑगस्टात, पाऊस चांगला सुरू झालेला असताना, मी पर्स साफ करायला उलटी केली आणि तळाशी कांद्याची सालं निघाली. दोन-तीन जुनी तिकिटं, एक पिन, आणि कागदासारखी वाळलेली सालं. मी कधीच पर्समध्ये कांदा ठेवला नव्हता.

मग आठवलं, की उन्हाळ्यात ऑफिसमध्ये पर्स उघडली की कधीकधी वास यायचा, आणि मला वाटायचं डब्याचा असेल. त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून मी चप्पल घालत असताना त्या खुंटीवरच्या पर्समध्ये कांदा सोडत असाव्यात आणि रात्री मी झोपल्यावर काढून घेत असाव्यात. दुसऱ्या दिवशी नवा.

त्याच्या पुढच्या 1 जूनला मी लिहायला बसले. पहिला प्रयत्न असा होता: ‘आई, उन्हाळ्यात रोज माझ्या पर्समध्ये कांदा ठेवता, किती काळजी करता तुम्ही माझी! तुमच्यासारखी सासू मिळाली हे माझं भाग्य.’ वाचून पाहिलं. कांदा होता तोवर ओळ जिवंत होती. ‘किती काळजी करता’ आलं आणि ती मेली. कांदा सांगून झाल्यावर काळजी वेगळी सांगायची गरजच नसते. शिवाय वाक्यागणिक ‘माझी’, ‘माझं’. वाढदिवस त्यांचा आणि भाग्य माझं. ‘रोज’ हा शब्दही खोटा होता, कारण मी ते रोज पाहिलंच नव्हतं. मी पाहिली होती ती फक्त सालं, ऑगस्टात, पर्सच्या तळाशी. मग जेवढं पाहिलं तेवढंच ठेवलं, आणि आपण एरवी जशी हाक मारतो तशीच मारली:

‘अहो आई, मागच्या ऑगस्टात माझ्या पर्सच्या तळाशी कांद्याची सालं निघाली. तुम्ही कांदा कधी ठेवता, कधी काढता, ते मला आजवर दिसलेलं नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा.’

यात प्रेम, माया, त्याग, भाग्य यातला एकही शब्द नाही. त्यांच्याबद्दल एकही विशेषण नाही. दोन वाक्यं आणि एक शुभेच्छा, एवढंच. स्टेटस चोवीस तासांत निघून जातं, आणि लोक ते बोटाने पुढे सरकवत वाचतात, त्यामुळे लांब मजकूर तसाही कोणी पुरा वाचत नाही. पण लहान ठेवायचं खरं कारण वेगळं आहे. पाहिलेली गोष्ट लहानच असते. लांबी वाढते ती न पाहिलेल्या गोष्टी जोडल्याने.

या वेळी ‘धन्यवाद बेटा’ आलं नाही. स्टेटस पाहून त्या बाहेरच्या खोलीत आल्या, चष्मा डोक्यावर सरकवला आणि म्हणाल्या, ‘पांढरा कांदा ठेवते मी. लाल नाही. लालनं काही होत नाही. तू नुसता कांदा काऊन लिहिलं?’

त्या क्षणापासून खऱ्या आणि कर्तव्याच्या ओळीतला फरक मला या एका खुणेवरून कळतो. कर्तव्याच्या ओळीला आभार मिळतात. ‘त्यागाची मूर्ती’ वाचून कोणती बाई म्हणेल की नाही, मी एवढा त्याग केला नाही, थोडा कमी केला? त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतंच. खऱ्या ओळीवर ती बोलते, तिच्यात चूक काढते, तिला नवीन काही जोडते, कारण ती गोष्ट तिची आहे आणि ती तुमच्यापेक्षा तिला जास्त माहीत आहे. त्या संध्याकाळी मला पांढऱ्या कांद्याबद्दल, तो उन्हाळाभर टिकावा म्हणून त्यांच्या आजी काय करायच्या त्याबद्दल, आणि माझे सासरे तरुणपणी भर दुपारी सायकलवर निघायचे तेव्हा त्यांच्या खिशातल्या कांद्याबद्दल अर्धा तास ऐकायला मिळालं. सासऱ्यांनाही ते माहीत नसायचं म्हणे.

आता, सगळ्यांच्याच पर्समध्ये कांदा निघत नाही. माझी एक मैत्रीण प्रतापनगरला राहते. तिचं सासूशी फारसं पटत नाही. भांडण नाही, पण ओल नाही. तिने मला विचारलं, ‘मी काय लिहू? खोटं लिहवत नाही, आणि काही लिहिलं नाही तर आठवडाभर ग्रुपवर तोच विषय चालतो.’ हा प्रश्न कितीतरी घरांतला आहे, आणि प्रेम नसेल तर गप्प बसा हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. मी तिला म्हटलं, प्रेमाबद्दल लिहूच नकोस, त्यांना काय येतं ते लिही. तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, ‘वडाभात. तो त्यांच्यासारखा कोणालाच जमत नाही, माझ्या आईलाही नाही.’ नागपुरी वडाभात म्हणजे भरड वाटलेल्या डाळींचे तळलेले वडे गरम भातावर कुस्करायचे आणि वरून हिंग-लाल मिरचीचं कडकडीत तेल घालायचं. सगळी मजा त्या तेलाच्या वेळेत असते. तिने लिहिलं: ‘आईंचा वडाभात. फोडणी त्या आधी करून ठेवत नाहीत, आपण पानावर बसल्यावरच कढई चढवतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा, आई.’

यात एक अक्षर खोटं नाही. जवळिकीचा दावा नाही, तक्रारही नाही. एका बाईने दुसऱ्या बाईचं कसब नीट पाहिलं आहे, एवढंच त्यातून दिसतं, आणि तेवढं दिसणं पुष्कळ आहे. ज्यांचं पटत नाही त्यांच्यातही आदराला जागा असते. ती जागा मायेच्या शब्दांनी भरायला गेलं की दोघींनाही ते खोटं आहे हे कळतं, आणि मग आदरही उरत नाही. आणि असं काहीच सुचलं नाही, तर नुसतं ‘आईंना वाढदिवसाच्या शुभेच्छा’ लिहावं. साधी शुभेच्छा ही साधीच असते, तिच्यात लबाडी नाही.

हे सगळं सुनेनेच का लिहायचं, हाही प्रश्न मला सोडत नाही. आमच्या ग्रुपवर मुलगा ‘हॅपी बर्थडे आई’ लिहितो आणि त्याच्याकडून कोणी यापेक्षा जास्त मागत नाही. सुनेची ओळ मात्र तपासली जाते. मोठीने काय लिहिलं, धाकटीने काय लिहिलं, कोणी किती फोटो टाकले. ती परीक्षा असते, म्हणूनच सुना पाठ केलेलं उत्तर लिहितात. मी माझ्या नवऱ्याला स्पष्ट सांगितलं की माझी ओळ आपल्या दोघांची धरू नकोस. पंचेचाळीस वर्षं त्या बाईला पाहणारा माणूस तू आहेस. तू पाहिलेलं मला लिहिता येणार नाही. त्या वर्षी त्याने पहिल्यांदा चार ओळी लिहिल्या, लहानपणी संत्र्याच्या हंगामात आई कॉटन मार्केटहून पिशवी भरून संत्री आणायची आणि सालं वाळत घालायची, याबद्दल. त्याच्या ओळीत ‘आणायची’ होतं आणि माझ्या ओळीत ‘ठेवता’. दोन्ही आपापल्या जागी बरोबर होतं.

पण कांद्याच्या ओळीतही एक गोष्ट मला नंतर टोचत राहिली. तीही शेवटी त्यांनी माझ्यासाठी काय केलं याचीच होती. वडाभातही दुसऱ्यांच्या पानातलाच. आपण सासूबाईंना त्यांच्या उपयोगापलीकडे पाहतच नाही का? त्या बाईला काय आवडतं, ती एकटी असताना कशात रमते, हे आपल्याला ठाऊक आहे का? ठाऊक नसेल तर लिहायला बसण्याआधी ते शोधायला हवं, आणि त्याला एक दिवस पुरत नाही.

मला उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही, कारण ते दरवर्षी माझ्यासमोर येत होतं. मारबतीच्या दिवशी आमच्या घरात स्वयंपाक लवकर उरकतो. सासूबाई सकाळी तयार होऊन महालात त्यांच्या भावाकडे जातात. 1880च्या दशकापासून नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे मोठे पुतळे मिरवणुकीने निघतात. लोक घरातली रोगराई, महागाई, वाईट ते सगळं तिच्याबरोबर गावाबाहेर घालवतात, आणि सोबत बडगे असतात, त्या वर्षी ज्याचा ज्याचा राग आला त्याचे पुतळे. सासूबाईंना मारबतींपेक्षा बडग्यांची जास्त ओढ. कोणत्या बडग्यावर काय पाटी लिहिली आहे ते त्या मोठ्याने वाचतात, पटलं तर टाळी वाजवतात, नाही पटलं तर शेजारणीशी वाद घालतात. घरात आवाज न चढवणारी ही बाई गॅलरीच्या कठड्यावर ओणवी होऊन ओरडते. मी दोनदा त्यांच्याबरोबर गेले. दोन्ही वेळा मला वाटलं की मी यांना आजवर पाहिलंच नव्हतं.

यंदा त्यांना सत्तर पूर्ण झाली. 1 जूनला ग्रुपवर नेहमीसारखं सगळं झालं आणि मी साधी शुभेच्छा दिली. खरी ओळ मी मारबतीसाठी राखून ठेवली होती. फोटोही केक कापतानाचा नको होता. मागच्या वर्षी भाच्याने गॅलरीतून काढलेला एक होता, पदर खोचलेला, तोंड उघडं, हात वर. असा फोटो त्यांना न विचारता टाकायचा माझा धीर झाला नाही, आणि होऊही नये. वाढदिवसाचं सरप्राइज म्हणून आपण बायकांचे कसेही फोटो टाकतो, मग त्या दिवसभर कोणी कोणी पाहिलं हे विचारत बसतात. चेहरा त्यांचा, नाव त्यांचं, तर आधी त्यांनी पाहायला हवं. सरप्राइज गेलं तरी चालेल.

आदल्या रात्री, घरात पोळ्याच्या पुरणाचा वास असताना, मी फोन त्यांच्या हातात दिला. लिहिलं होतं: ‘अहो आई, सत्तर वर्षांपूर्वी मारबत निघाली आणि तुम्ही आलात. घरात कधी आवाज चढवत नाही, पण उद्या अख्ख्या महालाला ऐकू जाईल. वाढदिवसाच्या शुभेच्छा.’

त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग एकदा वाचलं, दुसऱ्यांदा ओठ हलवत वाचलं.

‘राहू दे फोटो,’ त्या म्हणाल्या. ‘पण ते सत्तर काढ. भिशीतल्या बायकांना मी अडुसष्ट सांगितले आहेत.’

मी ‘सत्तर वर्षांपूर्वी’ काढलं आणि तिथे ‘त्या वर्षी’ लिहिलं. त्यांनी फोन परत घेतला, पुन्हा वाचलं, आणि मला न देता महालात भावजयीला लावला. ‘ऐक वं,’ म्हणाल्या, ‘सून काय लिहून राहिली माझ्याबद्दल ते ऐक,’ आणि मोठ्याने वाचायला लागल्या.